नंबर लावणारं अ‍ॅप आणि डेटाचा नवा कायदा

*मी सोलापुरात एकटाच अ‍ॅप बनवतो. दवाखान्यात नंबर लावण्याचं अ‍ॅप आहे. शहरातले अकरा डॉक्टर ते वापरतात आणि साडेसहा हजारांच्या आसपास पेशंट त्यात नोंदलेले आहेत. परवा एका डॉक्टरांनी विचारलं, ‘अडीचशे कोटींचा दंड बसला तर भरणार कोण, तू की मी?’ मला उत्तर देता आलं नाही. डेटा संरक्षणाचा कायदा इंग्रजीत वाचायला घेतला आणि डोकं गरगरलं. संमती, साठवण, माहिती फुटली तर कळवणं आणि दंड, या चार बाबतींत माझं काम नेमकं काय, ते सांगाल का? आणखी एक. गेल्या महिन्यात एका दवाखान्याच्या पेशंटची एक्सेल फाइल चुकून दुसऱ्याच दवाखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली. दहा मिनिटांत मी ती सगळ्यांसाठी डिलीट केली. याला ‘लीक’ म्हणायचं का?*

*— एक अ‍ॅपवाला, होटगी रोड, सोलापूर*

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. हो, ते लीकच. चुकून गेली, लगेच काढली, कोणी उघडली नसेल, यांतलं काहीही त्याला लीक होण्यापासून वाचवत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या व्याख्येत हॅकरने केलेली चोरी येते, तशीच अनवधानाने उघड झालेली माहितीही येते. इतकंच काय, सर्व्हर बंद पडला, बॅकअप नव्हता आणि पेशंटच्या नोंदी तुम्हालाच मिळेनाशा झाल्या, तर तेही त्याच व्याख्येत बसतं. अमुक इतक्या लोकांची माहिती गेली तरच मोजायची, अशी खालची मर्यादा कायद्यात नाही. एका पेशंटची गेली तरी गेलीच.

मात्र त्या दिवशी तुमच्यावर कोणता नियम लागू होता, हे तारखांवर ठरतं, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करायचं ठरलं. चौकशी करून दंड लावणाऱ्या डेटा संरक्षण मंडळासंबंधीची कलमं लगेच लागू झाली. संमती, सुरक्षा, लीक कळवणं आणि दंड हा तुमच्या कामाचा भाग १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या मध्याला लागू होतो. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ आणि त्याखालचे २०११ चे नियम चालू आहेत. त्यांत आजार, उपचार आणि वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ माहितीत मोडतात, आणि तुमच्या निष्काळजीपणामुळे कोणाचं नुकसान झालं तर त्या माणसाला भरपाई द्यावी लागते. शिवाय सर्ट-इन या केंद्रीय संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे. डेटा लीक लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं, असं तो सांगतो. तो आजही लागू आहे आणि छोट्या धंद्यांना त्यातून सूट नाही. गेल्या महिन्यातली घटना तुम्ही कळवली नसेल, तर आता incident@cert-in.org.in वर कळवा आणि वेळा खऱ्या लिहा. उशीर झाला तो झाला. पण ‘कळलं कधी’ या रकान्यात खोटी वेळ टाकणं हा वेगळाच घोटाळा होऊन बसेल.

आता डॉक्टरांचा प्रश्न. त्याचं उत्तर तुमचं अ‍ॅप कसं चालतं यावर आहे. माहिती कशासाठी घ्यायची आणि ती कशी वापरायची हे जो ठरवतो, त्याला कायदा ‘डेटा फिड्युशियरी’ म्हणतो. त्याच्या सांगण्यावरून जो फक्त काम करतो, तो ‘डेटा प्रोसेसर’. या कायद्यातली जवळजवळ सगळी कर्तव्यं आणि दंड फिड्युशियरीवर आहेत. प्रोसेसरला बांधून ठेवतो तो दोघांमधला करार, आणि असा वैध करार असल्याशिवाय फिड्युशियरीने त्याला काम देऊच नये, असं कायदा म्हणतो. प्रोसेसरने चूक केली तरी मंडळासमोर उभा राहतो फिड्युशियरीच. ‘करारात जबाबदारी त्याच्यावर टाकली होती’ हे तिथे चालत नाही.

तुमच्या अ‍ॅपमध्ये बहुधा दोन्ही भूमिका मिसळल्या आहेत. पेशंट तुमच्या अ‍ॅपवर स्वतःचं खातं उघडतो, अकरांपैकी कोणताही डॉक्टर निवडतो, कोणती माहिती भरायची ते तुमचा फॉर्म ठरवतो. त्या खात्यापुरते फिड्युशियरी तुम्ही. उलट एखाद्या दवाखान्याने आपली पेशंटची जुनी वही तुमच्या सिस्टिममध्ये चढवली असेल आणि ती फक्त त्याच दवाखान्यासाठी वापरली जात असेल, तर तिथे फिड्युशियरी डॉक्टर आणि तुम्ही प्रोसेसर. हे कागदावर वेगळं करा. प्रत्येक डॉक्टरबरोबर दोन पानांचा करार पुरतो. कोणती माहिती कोणाची, तुम्ही ती आणखी कशालाही वापरणार नाही, सुरक्षेची जबाबदारी कोणती, काम संपल्यावर ती परत कशी द्यायची आणि पुसायची, आणि दोघांपैकी कोणालाही लीकचा संशय आला तर दुसऱ्याला एका तासात फोन. हा शेवटचा मुद्दा कायद्यातला नाही, माझा आहे. का, ते पुढे कळेल.

संमतीकडे येऊ. तुमचा फॉर्म मी पाहिलेला नाही, पण अशा अ‍ॅपमध्ये साधारण काय काय विचारलं जातं ते माहीत आहे: नाव, मोबाइल, वय, लिंग, पत्ता, कधी आधार नंबर, ‘काय त्रास होतोय?’ हा मोकळा रकाना, आणि अ‍ॅप उघडताच लोकेशन व कॉन्टॅक्ट लिस्टची परवानगी. पहिलं काम म्हणजे हा फॉर्म समोर घेऊन प्रत्येक रकान्याला विचारायचं, याच्याशिवाय नंबर लागतो का? नाव, मोबाइल, वय ठीक. पत्त्याशिवाय नंबर लागतो. आधारशिवाय नक्कीच लागतो. कॉन्टॅक्ट लिस्टबद्दल तर कायद्यातच उदाहरण दिलं आहे. एका टेलिमेडिसिन अ‍ॅपने उपचारासाठी आणि कॉन्टॅक्ट लिस्टसाठी एकदमच संमती घेतली, पेशंटने दोन्हीला ‘हो’ म्हटलं, तरी कॉन्टॅक्ट लिस्ट उपचाराला लागत नाही, म्हणून ती संमती फक्त उपचारापुरतीच धरायची. म्हणजे जास्तीचं ‘हो’ घेऊनही तुमच्या हाती काही लागत नाही.

‘काय त्रास होतोय?’ हा रकाना सगळ्यांत जड आहे. नंबर लावायला तो लागत नाही. डॉक्टर केसपेपरवर विचारतातच. तुमच्या डेटाबेसमध्ये मात्र त्यामुळे साडेसहा हजार लोकांचे आजार त्यांच्या फोन नंबरशेजारी येऊन बसतात. गेल्या महिन्यातल्या एक्सेलमध्ये हा रकाना होता का, ते आज संध्याकाळी तपासा. नसेल तर तुम्ही फारच स्वस्तात सुटलात. असेल तर पुढच्या अपडेटमध्ये तो काढा.

उरलेल्या माहितीसाठी सूचना लिहायची. ती नियम-अटींच्या लांबलचक पानात लपवायची नाही. दुसरं काहीही न वाचता ती एकटी वाचून समजली पाहिजे. त्यात घेतलेली प्रत्येक गोष्ट नाव घेऊन, ती कशासाठी, संमती मागे कुठे घ्यायची, माहिती पाहायला किंवा दुरुस्त करायला कुठे जायचं आणि मंडळाकडे तक्रार कशी करायची, एवढं हवं. तुमच्यासाठी ती अशी होईल:

‘नंबर लावण्यासाठी आम्ही तुमचं नाव, वय आणि मोबाइल नंबर घेतो. नाव आणि वय तुम्ही निवडलेल्या डॉक्टरांना दिसतं. मोबाइल नंबर तुमचा नंबर जवळ आल्याचं कळवण्यासाठी वापरतो, दुसऱ्या कशासाठीही नाही. संमती मागे घेण्यासाठी, माहिती पाहण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी किंवा काढून टाकायला सांगण्यासाठी ‘माझी माहिती’ वर जा. तक्रार आमच्याकडे आणि डेटा संरक्षण मंडळाकडे करता येते, दोन्ही लिंक खाली आहेत.’

त्याखाली रिकामा चौकोन, जो पेशंट स्वतः टिक करेल. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती होत नाही. ‘आरोग्य शिबिरांची माहिती पाठवू का?’ असं विचारायचं असेल तर त्याला वेगळा चौकोन, आणि तिथे ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही नंबर मिळालाच पाहिजे.

भाषेची अट सोलापुरात विशेष जाणवेल. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. तुमच्याकडे पूर्व भागातून तेलुगू बोलणारी आजी येते, अक्कलकोट आणि विजापूरकडून कन्नड बोलणारे पेशंट येतात, आणि मराठी, हिंदी, उर्दू तर आहेच. या पाच भाषा आणि इंग्रजी आधी करा, कारण त्या खरोखर वाचल्या जाणार आहेत. अक्षरशः पाहिलं तर यादी २२ ची आहे. सूचना दहा ओळींचीच ठेवलीत तर मे २०२७ पर्यंत उरलेल्या भाषांतही ती करून घेणं अवघड नाही. अनुवाद जाणकाराकडून तपासून घ्या. मशीनने केलेल्या कन्नड सूचनेत ‘संमती’च्या जागी भलतंच काही आलं, तर संमती घेतली असं म्हणता येणार नाही.

आणि जे पेशंट अ‍ॅप उघडतच नाहीत? काउंटरवरची मुलगी नाव आणि नंबर विचारून टाइप करते, त्यांचं काय? इथे कायदा जरा सैल आहे. माणसाने ठरावीक कामासाठी आपणहून माहिती दिली आणि नको असं म्हटलं नाही, तर त्या कामापुरती ती वापरता येते. कायद्यातलं उदाहरण औषधाच्या दुकानाचं आहे: गिऱ्हाइकाने पावती मोबाइलवर पाठवायला सांगून नंबर दिला, तर दुकानदार पावती पाठवू शकतो. तसंच तुम्ही ‘तुमच्या आधी दोन पेशंट आहेत’ हा मेसेज पाठवू शकता. त्याच नंबरवर पॅथॉलॉजी लॅबची सवलत पाठवलीत की ही सवड संपली.

संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. एका टिकने घेतली असेल तर ‘ईमेल करा, आम्ही सात दिवसांत पाहू’ असं चालणार नाही. तक्रार निवारणाला मात्र ९० दिवसांची कमाल मुदत आहे. आणि वाद झाला तर सूचना दिली होती आणि संमती मिळाली होती, हे सिद्ध करणं तुमच्यावर आहे. म्हणून पेशंटच्या नोंदीत नुसतं ‘consent = true’ ठेवू नका. कोणत्या मजकुराला, कोणत्या भाषेत, कधी ‘हो’ म्हटलं हे त्यातून कळत नाही. वेगळा तक्ता ठेवा, त्यात फक्त ओळी वाढतात, जुन्या कधी बदलत नाहीत:

```sql
CREATE TABLE consent_log (
  patient_id     BIGINT,
  notice_version TEXT,
  notice_lang    TEXT,
  purpose        TEXT,
  action         TEXT,  -- given / withdrawn
  at             TIMESTAMPTZ
);
```

सूचनेची प्रत्येक आवृत्ती जशीच्या तशी जपून ठेवा, नाहीतर `notice_version` ला काही अर्थ उरत नाही. आधीच्या साडेसहा हजार पेशंटपैकी ज्यांनी तेव्हा संमती दिली होती, त्यांच्याकडून ती पुन्हा घ्यायची गरज नाही, पण कायदा लागू झाल्यावर शक्य तितक्या लवकर ही सूचना त्यांना पाठवावी लागेल. त्यांनी नको म्हणेपर्यंत काम चालू ठेवता येतं.

बालरोगतज्ज्ञ तुमच्या अकरांत असतील तर एक जादा काम आहे. १८ वर्षांखालच्या कोणाचीही माहिती घेताना पालकाची पडताळलेली संमती लागते, आणि मुलांचा माग काढणं किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवणं बंद. दवाखान्यांना आरोग्यापुरती इथे सूट आहे, पण तुमचं अ‍ॅप दवाखाना नाही. मुलाचं खातं उघडूच देऊ नका. आई-वडिलांच्या खात्याखाली मुलाचं नाव जोडू द्या आणि तो पालक प्रौढ आहे याची खात्री डिजिलॉकरसारख्या मार्गाने करून घ्या.

साठवणीबद्दल नियमांत जे किमान सांगितलं आहे ते बऱ्यापैकी स्पष्ट आहे: माहिती एन्क्रिप्ट किंवा झाकून ठेवा, कोणाला काय दिसतं यावर लगाम ठेवा, कोणी काय पाहिलं याचे लॉग ठेवा आणि ते अधूनमधून वाचा, बॅकअप घ्या. एकट्याच्या अ‍ॅपमध्ये यातलं फुटतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या मुद्द्यावर. एका दवाखान्याचा लॉगिन दुसऱ्या दवाखान्याची यादी उघडू शकतो का, हे आज स्वतः करून पाहा. यूआरएलमधला दवाखान्याचा क्रमांक बदला आणि काय येतं ते बघा. फायरबेस वापरत असाल तर नियमांच्या फाइलमध्ये ही ओळ शोधा. चाचणीच्या काळात टाकलेली ती पुढे तशीच राहून जाते:

```
allow read, write: if true;
```

ती असेल तर तुमची यादी ज्याला पत्ता माहीत आहे त्या प्रत्येकाला उघडी आहे. दुसरी नेहमीची जागा म्हणजे तुमचा स्वतःचा लॅपटॉप, जिथे ‘टेस्टिंगसाठी’ खऱ्या डेटाबेसची प्रत पडलेली असते. आणि तिसरी म्हणजे एक्सेल. एक्सेल काढण्याचं बटणच काढा. डॉक्टरांना यादी स्क्रीनवर दिसू द्या. कागद हवाच असेल तर मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाकून छापा. गेल्या महिन्याचा अपघात असा पुन्हा होणारच नाही. सर्व्हर भारताबाहेर असला म्हणून अडत नाही. सरकारने एखाद्या देशाला बंदी घातली किंवा अटी लावल्या तरच प्रश्न येतो.

माहिती कधी पुसायची, यात एक पेच आहे. काम संपलं किंवा संमती मागे घेतली की पुसा, असं कायदा म्हणतो. नियम म्हणतात, प्रक्रिया झाल्यापासून किमान एक वर्ष ती माहिती आणि तिचे लॉग ठेवा, म्हणजे सरकारने कायद्यानुसार मागितली तर देता येईल. दोन्ही एकत्र असं बसवायचं. एखाद्या बाईंनी १० जून २०२७ ला नंबर लावला आणि २० जूनला खातं बंद केलं. त्याच दिवशी त्यांचं नाव डॉक्टरांच्या स्क्रीनवरून जातं, मेसेज थांबतात, कोणत्याही आकडेवारीत ते येत नाही. नोंद एका कुलूपबंद तक्त्यात जाते, जिथे रोजच्या लॉगिनने पोचता येत नाही. १० जून २०२८ नंतर ती बॅकअपसह पुसली जाते. ‘खातं बंद करा’ दाबल्यावर ‘तुमची माहिती लगेच पुसली’ असं लिहू नका, कारण ते खरं नसेल.

आता लीक कळवण्याचं. तुमचीच घटना २०२७ च्या जूनमध्ये झाली असं धरून चालू. सोमवारी सकाळी ११.२० ला फाइल चुकीच्या ग्रुपवर गेली, ११.३० ला तुमच्या लक्षात आलं. घड्याळ ११.३० पासून चालतं, कारण नियमांत मुदत माहीत झाल्यापासून मोजतात. म्हणूनच डॉक्टरांबरोबर एका तासाची अट हवी. त्यांच्या कंपाउंडरला सोमवारी कळलं आणि तुम्हाला बुधवारी, तर दोन दिवस कुणाच्या खात्यावर पडले यावर नंतर भांडत बसावं लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे फाइल काढणं, आणि इथे ‘सगळ्यांसाठी डिलीट’ पुरत नाही. त्याने चॅटमधला मेसेज जातो. पण दहा मिनिटांत कोणाच्या फोनने ती आपोआप डाउनलोड केली असेल, रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं असेल, तर प्रत तिथे राहू शकते. ग्रुपमधल्या प्रत्येकाला स्वतंत्र मेसेज करा: फाइल उघडली का, कुठे सेव्ह झाली का, पुढे पाठवली का, असल्यास पुसून तसं लिहून कळवा. ही उत्तरं पुढच्या अहवालात लागतात. मूळ फाइल मात्र तुम्ही स्वतः पुसू नका. कोणाकोणाची नावं गेली, हे तिच्यावरूनच कळणार आहे.

मग तीन ठिकाणी कळवायचं. सर्ट-इनला सहा तासांत, म्हणजे संध्याकाळी ५.३० च्या आत. डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब एक पहिली खबर: काय झालं, किती लोकांचं, कधी, कुठे आणि परिणाम काय होऊ शकतो. सगळं माहीत असायची वाट पाहायची नाही. सविस्तर अहवाल ७२ तासांत, म्हणजे गुरुवारी सकाळी ११.३० पर्यंत. त्यात घटनेची कारणं, तुम्ही काय केलं, कोणामुळे झालं याबद्दल काही कळलं असेल तर ते, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं आणि पेशंटना कळवल्याचा तपशील. मुदत कमी पडली तर मंडळाकडे लेखी मागता येते, पण संपायच्या आत मागा.

तिसरं ठिकाण म्हणजे पेशंट, आणि हेच लोक चुकवतात. मंडळाला कळवलं म्हणजे झालं, असं त्यांना वाटतं. फाइलमध्ये नाव असलेल्या प्रत्येकाला विनाविलंब, साध्या भाषेत कळवावं लागतं: काय आणि कधी झालं, त्याला त्रास काय होऊ शकतो, तुम्ही काय केलं, त्याने काय जपावं आणि बोलायचं कोणाशी. मजकूर साधारण असा:

‘सोमवारी सकाळी ११.२० ला आमच्या चुकीने तुमचं नाव, वय, मोबाइल नंबर आणि भेटीची तारीख असलेली यादी दुसऱ्या एका दवाखान्यातल्या काही कर्मचाऱ्यांकडे गेली. ११.३० ला आम्ही ती काढली आणि त्यांच्याकडच्या प्रती पुसून घेत आहोत. दवाखान्याच्या नावाने कोणी फोन करून पैसे किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. काही विचारायचं असल्यास या नंबरवर फोन करा.’

यात डॉक्टरांचं नाव किंवा शाखा घातलेली नाही, ते मुद्दाम. आपल्याकडे एक मोबाइल घरातले चौघं वापरतात. गुप्तरोग किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे नंबर लावलेल्या माणसाचं गुपित तुमच्याच माफीच्या मेसेजमधून सासऱ्यांना कळायला नको. तपशील अ‍ॅपमध्ये लॉगिन केल्यावर दाखवा.

इथे एक व्यवहारातली अडचण आहे, जी कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. ट्रायच्या नियमांमुळे एसएमएसचा मजकूर टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर आधी नोंदवलेला आणि मंजूर झालेला असावा लागतो, आतली लिंकसुद्धा. तुमचा ‘तुमच्या आधी दोन पेशंट’ हा मजकूर मंजूर आहे. लीकचा नाही. सोमवारी दुपारी तो मंजुरीला टाकाल तर ‘विनाविलंब’ तिथेच संपलं. या महिन्यातच, कोणतंही लीक नसताना, तारीख आणि वेळेच्या जागा मोकळ्या ठेवून तो मराठी, कन्नड, तेलुगूत नोंदवून ठेवा.

दंडाचं तुम्हाला वाटतं तेवढं लांब प्रकरण नाही. २५० कोटी ही कमाल मर्यादा आहे, आणि ती वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल. लीक झालं आणि मंडळाला किंवा पेशंटना कळवलं नाही, तर २०० कोटींपर्यंत वेगळा दंड. मुलांच्या माहितीची कर्तव्यं मोडली तरी २०० कोटींपर्यंत. सूचना नीट न देणं किंवा संमती मागे घेऊ न देणं अशा बाकीच्या चुकांना ५० कोटींपर्यंत. रक्कम ठरवताना चुकीचं गांभीर्य आणि कालावधी, माहितीचा प्रकार, ती पुन्हा पुन्हा झाली का, तुम्ही नुकसान आवरायला काय आणि किती लवकर केलं, आणि दंडाचा तुमच्यावर काय परिणाम होईल, हे मंडळाने पाहायचं आहे. म्हणून वरचा सोमवार ते गुरुवारचा कागद जपून ठेवा. तोच तुमच्या बाजूने बोलेल. चौकशीदरम्यान ‘आम्ही अमुक सुधारणा अमुक तारखेपर्यंत करतो’ असं लेखी वचन मंडळाला देता येतं. ते स्वीकारलं गेलं तर त्या मुद्द्यावरची कारवाई थांबते, आणि मोडलं तर पुन्हा सुरू होते. निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत दूरसंचार विवाद न्यायाधिकरणाकडे अपील.

दंडाचे पैसे भारताच्या संचित निधीत जातात, पेशंटला त्यातलं काही मिळत नाही. भरपाई देणारं कलम ४३अ याच कायद्याने मे २०२७ मध्ये रद्द होतं. मला स्वतःला हा बदल पटलेला नाही, पण आहे तो असा आहे.

डॉक्टरांना उत्तर द्यायचं ते हे: पेशंटने अ‍ॅपवर उघडलेल्या खात्यांबद्दल मंडळ तुम्हाला विचारेल, त्यांनी स्वतः चढवलेल्या वहीबद्दल त्यांना, आणि ती तुमच्या चुकीने फुटली तर ते करारावर बोट ठेवून तुमच्याकडे येतील. गेल्या महिन्यातली फाइल या दोन्हींपैकी कोणत्या यादीतून निघाली होती, ते त्यांना आधी सांगा.

कोणी तुम्हाला ‘स्टार्टअपची नोंदणी कर, मग सगळं माफ’ असं सांगितलं असेल, तर कलम १७ वाचून पाहा. सरकार काही स्टार्टअपना सूचना देणं, माहिती अचूक ठेवणं, ती पुसणं आणि पेशंटला तिचा तपशील देणं, अशा ठरावीक कर्तव्यांतून सूट देऊ शकतं. त्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी किंवा भागीदारी संस्था म्हणून मान्यता लागते, एकट्याच्या मालकीचा धंदा त्यात बसत नाही. आणि सूट मिळाली तरी सुरक्षा ठेवणं आणि लीक कळवणं ही दोन्ही कर्तव्यं त्या यादीत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी ज्या आकड्याची भीती घातली तो पहिल्यावरच आहे.